मावसभावाला दिलेले पैसे परत येईनात: तीन वर्षांची मुदत संपण्याआधी काय करायचं

घरात हातउसने पैसे देताना कुणी कागद करत नाही. मागताना भीड पडते, आणि दर वेळी उत्तर मिळतं, "देऊन राहिलो ना ताई, थोडं थांब." तोवर दोन गोष्टी बिघडत असतात. हे पैसे येणार असं धरून आपण घरचा हिशेब मांडत राहतो. दुसरीकडे कायद्याने पैसे मागण्याची मुदत गुपचूप संपत येते. दुसरी गोष्ट बहुतेकांना वकिलासमोर बसल्यावरच कळते, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेने काटोलच्या मावसभावाला पैसे दिले. 10 जून 2024 ला एफडी मोडून 2 लाख रुपये एनईएफटीने पाठवले. ऑगस्टमध्ये दीड लाखाचा चेक दिला, तो 23 ऑगस्टला वटला. दिवाळीच्या तोंडावर 50 हजार रोख दिले. एकूण 4 लाख. भावाची संत्र्याची बाग आहे आणि शब्द होता, "संत्रा निघाला की पहिले तुझेच पैसे." फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने यूपीआयने 30 हजार परत केले. त्यानंतर काही नाही. बाकी 3 लाख 70 हजार.

आधी गळती थांबवा

पैसे अडकले की पाठोपाठ एक मागणी हमखास येते: "ताई, आणखी पन्नास दे, फवारणी झाली की माल चांगला येईल, मग सगळे एकदम देतो." आधीचे वाचवण्यासाठी आणखी द्यायचे, हा मोह सगळ्यात महागात पडतो. नवीन रक्कम द्यायची नाही, आणि ही बंदी रोखीपुरती ठेवायची नाही. त्याच्या कर्जाला जामीन राहणं हेही पैसे देणंच आहे, कारण कर्जदाराने हप्ता थकवला तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. त्याच्यासाठी आपल्या नावावर पर्सनल लोन काढणं, आपलं क्रेडिट कार्ड वापरायला देणं, गहाण ठेवायला दागिने देणं, सगळं त्यातच आलं. नकार देताना कारणांची यादी सांगू नका. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो. "आधीचा हिशेब कागदावर आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही" एवढं पुरतं.

आधीच आपल्या नावावर लोन काढून त्याला दिलं असेल आणि हप्ते तो भरणार असं ठरलं असेल, तर आजपासून हप्ता आपणच वेळेवर भरा आणि त्याच्याकडून वेगळा मागा. बँकेच्या लेखी कर्जदार तुम्ही आहात. त्याने हप्ता चुकवला तरी क्रेडिट स्कोअर तुमचाच खाली येतो, आणि पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा तो समोर येतो.

घरच्या हिशेबात ही रक्कम शून्य धरा

शून्य धरणं म्हणजे सोडून देणं नव्हे. वसुलीचा प्रयत्न पूर्ण ताकदीने करायचा, पण घर चालवताना ती रक्कम नाहीच असं समजायचं. या शिक्षिकेच्या हातात महिन्याला 58 हजार पडतात असं धरू. घरखर्च 38 हजार, गृहकर्जाचा हप्ता 11 हजार, उरतात 9 हजार. मोडलेली एफडी हाच तिचा अडीअडचणीचा पैसा होता. म्हणजे आज घरात कुणी आजारी पडलं तर तिला स्वतःलाच कर्ज काढावं लागेल. माझ्या मते भावाशी बोलण्याआधीचं पहिलं काम हेच आहे. तीन महिन्यांचा खर्च आणि हप्ता मिळून 1 लाख 47 हजार होतात. महिन्याला 9 हजार बाजूला टाकले तर हे भांडं भरायला साधारण 16 महिने लागतील. भावाकडून पुढे जे येईल तेही आधी इथेच जाईल. त्याच्या हप्त्याच्या भरवशावर नवी एसआयपी, नवी गाडी किंवा शाळेची फी बांधून घ्यायची नाही.

भांडं भरलेलं असेल तर वाटाघाटीतही फरक पडतो. ज्याला पुढच्या महिन्यात पैसे हवेच आहेत तो कुठल्याही पोकळ वायद्याला मान डोलावतो.

तीन वर्षं कधीपासून मोजायची

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मुदत कायदा 1963 प्रमाणे उसने दिलेले पैसे कोर्टात मागायला तीन वर्षं मिळतात. अनेकांना वाटतं, आपण मागितले आणि त्याने नाही म्हटलं तिथून तीन वर्षं. तसं नाही. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, "मागशील तेव्हा देईन" असं असेल, तर पैसे दिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. चेकने दिले असतील तर चेक वटल्या दिवसापासून. तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, पण तसं ठरलं होतं हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. "संत्रा निघाला की" हा तोंडी शब्द कोर्टात किती टिकेल, यावर विसंबू नये.

म्हणजे आपल्या उदाहरणात एक नाही, तीन मुदती आहेत. 2 लाखांची 10 जून 2027 ला संपते, दीड लाखाची 23 ऑगस्ट 2027 ला, आणि रोख 50 हजारांची ऑक्टोबर 2027 मध्ये, ज्या तारखेला दिले त्या तारखेला. सगळ्यात मोठी रक्कम सगळ्यात आधी हातची जाते. या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि काम सहा महिने आधी सुरू करा, कारण वकील गाठणं, नोटीस, उत्तराची वाट यात महिने सहज निघून जातात.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते, पण त्यासाठी मुदत संपायच्या आत दोनपैकी एक गोष्ट व्हायला हवी. त्याने सहीनिशी लेखी कबूल करावं की इतकी रक्कम देणं बाकी आहे, किंवा काही रक्कम परत करावी आणि त्या परतफेडीचा त्याच्या हस्ताक्षरातला किंवा सहीचा लेख असावा. फेब्रुवारी 2025 चे यूपीआयचे 30 हजार या दुसऱ्या अटीत नीट बसत नाहीत, कारण सहीचा कागद कुठेच नाही. म्हणून थोडे थोडे परत करणाऱ्याला सांगा, "चेकने दे." चेकवर त्याची सही असते आणि तोच लेखी पुरावा होतो. यूपीआयनेच दिले तर त्याच दिवशी दोन ओळींची चिठ्ठी सही करून घ्या: अमुक तारखेला अमुक ताईंकडून घेतलेल्या उसनवारीपैकी इतके परत केले, बाकी इतके.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो ताई, पावणेचार लाखाच्या आसपास बाकी आहेत, विसरलो नाही" हे सोन्यासारखं जपा. पैसे उसने होते, भेट नव्हते, हे त्यातून दिसतं. पण मुदत वाढवायला कायदा सही मागतो, आणि मेसेजला सही म्हणायचं का यावर वाद घालता येतो. तो वाद तुमच्या पैशांवर कशाला होऊ द्यायचा?

कागद गोळा करा, भावाला भेटण्याआधी

बँकेतून त्या काळातलं स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या. एफडी मोडल्याची पावती शोधा. ती अशासाठी, की वाद पेटला की समोरचा हमखास विचारतो, "पगारदार बाईकडे एवढे पैसे आले कुठून?" तुमची देण्याची ऐपत होती हे त्या पावतीतून दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि तो मोबाइल विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

रोख 50 हजारांचं काय? 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोख घेऊ नये असा आयकराचा नियम आहे, आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर येतो. तेवढ्याने कर्ज रद्दबातल ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. खरी अडचण पुराव्याची. त्या आठवड्यात खात्यातून काढलेली रोख, त्या दिवशीचा मेसेज, घरात हजर असलेला माणूस, जे असेल ते नोंदवा. परतफेड मात्र बँकेतूनच घ्या.

कबुलीपत्र: या सगळ्याचा कणा

बसून बोलायचा दिवस आपण निवडावा. लग्नात, तेरवीत, दिवाळीच्या फराळाला हा विषय काढू नये. घरातला एखादा मोठा माणूस, ज्याचं दोघंही ऐकतात, सोबत असावा. मात्र त्याचं काम साक्षीदाराचं. न्यायनिवाडा करायला त्याला बसवलं की मूळ रकमेतून "सोड ना पोरी पन्नास हजार" सुरू होतं.

बोलायला जाण्याआधी समोरच्याचा पैसा कधी येतो ते समजून घ्या. संत्र्याच्या बागेत शेतकरी सहसा वर्षाला एकच बहार धरतो. आंबिया धरला असेल तर तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग असेल तर फेब्रुवारीनंतर. आंबियावाल्याला जूनमध्ये लाख रुपये मागणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. कळमन्याच्या बाजारात माल गेल्यावरची तारीख धरली तर त्याला पळवाट राहत नाही.

समजा जानेवारी 2027 मध्ये असं ठरलं: फेब्रुवारीपासून 24 महिने दरमहा 5 हजार, म्हणजे 1 लाख 20 हजार. 15 डिसेंबर 2027 ला 1 लाख 25 हजार आणि 15 डिसेंबर 2028 ला तेवढेच. बेरीज बरोबर 3 लाख 70 हजार होते. महिन्याचे 5 हजार रकमेने छोटे आहेत, पण हप्ता थांबला की दुसऱ्याच महिन्यात कळतं, डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही.

मजकूर साधा ठेवा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा करारांना 100 ऐवजी 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर लागतो. त्यावर असं लिहिता येईल:

"मी, खाली सही करणार, लिहून देतो की माझ्या मावसबहिणीकडून मी हातउसने म्हणून दि. 10 जून 2024 रोजी 2,00,000 रुपये बँकेद्वारे, दि. 23 ऑगस्ट 2024 रोजी 1,50,000 रुपये चेकने आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 50,000 रुपये रोख, असे एकूण 4,00,000 रुपये घेतले. त्यापैकी 30,000 रुपये फेब्रुवारी 2025 मध्ये परत केले. आज 3,70,000 रुपये देणे बाकी आहे हे मला मान्य आहे. ही रक्कम मी खालील तारखांना देईन. लागोपाठ दोन मासिक हप्ते किंवा डिसेंबरचा कोणताही एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम तात्काळ देय होईल."

खाली दोघांची पूर्ण नावं, पत्ते, तारीख, प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार. नोटरी केलेली बरी. मजकुरातलं शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर एक हप्ता चुकला म्हणून फक्त त्या हप्त्यापुरता दावा लावता येतो आणि बाकीच्यांसाठी जानेवारी 2029 पर्यंत थांबावं लागू शकतं.

व्याज लावायचं का? माझा सल्ला, लावू नका. एकदाच नात्यात बिनव्याजी दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. पण चार नातेवाइकांना व्याजाने देण्याची सवय असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली परवान्याचा प्रश्न समोरचा वकील उभा करणारच. शिवाय मिळालेलं व्याज हे तुमचं करपात्र उत्पन्न. उलट मूळ रक्कम बुडाली तरी पगारदाराला त्या तोट्याची करात वजावट मिळत नाही.

चेक घ्यायचे ते कसे

दोन मोठ्या हप्त्यांचे दोन वेगळे चेक घ्या, तारीख आणि रक्कम त्याच्याच हातून लिहून. बरेच जण 3 लाख 70 हजारांचा एकच कोरा चेक "सिक्युरिटी" म्हणून ठेवून घेतात. त्यात मेख अशी, की मध्ये 60 हजार परत आले आणि तरी तुम्ही पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर टाकण्याच्या दिवशी तेवढं देणंच नव्हतं म्हणून चेक न वटल्याची फिर्याद कोसळू शकते. हप्त्यागणिक चेक असेल तर हा घोळ होत नाही.

15 डिसेंबर 2027 चा चेक घेऊन चालू. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. 16 ला टाकला, 18 डिसेंबरला अपुऱ्या शिलकीच्या मेमोसह परत आला. तिथून 30 दिवसांत, म्हणजे 17 जानेवारीपर्यंत, लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटिशीत चेकच्या 1 लाख 25 हजारांची मागणी स्वतंत्र आणि स्पष्ट लिहा. उरलेल्या रकमेचा उल्लेख त्यात मिसळला तर नोटीसच सदोष ठरू शकते. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. त्याला ती 22 जानेवारीला मिळाली तर 15 दिवस 6 फेब्रुवारीला संपतात. तोवर पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात, 6 मार्चच्या आत, फिर्याद दाखल व्हायला हवी. यातला एक टप्पा चुकला की हा रस्ता बहुधा बंद होतो आणि दिवाणी दावा तेवढा उरतो.

एक सोयीची बाब अशी की ही फिर्याद, तुमचं खातं ज्या शाखेत आहे आणि जिथे चेक भरला, तिथल्या कोर्टात चालते. खातं मानेवाड्याच्या शाखेत असेल तर नागपुरातच, काटोलच्या चकरा नाहीत.

सही करायला तयारच नसेल तर

टाळाटाळ दोन प्रकारची असते. एक जण आकड्यावर बोलतो, तारखेवर घासाघीस करतो. त्याच्याकडे पैसे नसतात, पण दानत असते. दुसरा रक्कम तोंडावर कधी नाकारत नाही, पण लिहायची वेळ आली की "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून रुसतो. दुसऱ्यासाठी दोन बैठकांपेक्षा जास्त वेळ घालवू नये.

खर्चात पडण्याआधी त्याच्या शेताचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती आहे ते दिसतं. बोजा डोक्यावरून गेलेला असेल तर हुकूमनामा मिळूनही वसुली अवघड आहे. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, शेतीची जनावरं यांवर सहसा जप्ती येत नाही. नोकरदार नातेवाईक असता तर पगाराचा ठरावीक भाग जप्त होऊ शकला असता. आणि फेरफार पाहताना गेल्या काही महिन्यांत जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर गेलेली दिसली, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेल्या अशा हस्तांतराला आव्हान देता येतं.

मग वकिलामार्फत नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यानंतर थेट दाव्याआधी मधला एक रस्ता आहे: सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. नात्यात हा मार्ग बरा पडतो, कारण कागदावर कुणी हरलेलं नसतं. पण दोघांची संमती नसेल तर लोकअदालत काही लादू शकत नाही. आणि मुदत जवळ आली असेल तर तडजोडीच्या आशेवर थांबू नका, दावा आधी दाखल करा. दाखल झालेलं प्रकरणही लोकअदालतीत ठेवता येतं.

सहीचा करार हातात असेल तर वकिलाला संक्षिप्त दाव्याबद्दल विचारा. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते, त्यामुळे नुसती वेळकाढू कारणं चालत नाहीत. रक्कम 30-40 हजारांची असेल तर मी कोर्टाचं नावच काढणार नाही. वकिलाची फी आणि बुडालेल्या सुट्ट्या धरल्या तर हिशेब उलटा पडतो.

पोलिसांत जाऊन फारसं होत नाही. पैसे न फेडणं ही दिवाणी बाब. पैसे घेतानाच फसवण्याचा इरादा होता हे दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा बनतो. आणि संतापाच्या भरात त्याची दुचाकी उचलून आणणं, कुटुंबाच्या ग्रुपवर "चोर" लिहिणं हे टाळाच. मग तक्रारदार तो होतो आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

कागद कुणाला माहीत आहेत?

कबुलीपत्र, चेक आणि मुदतीच्या तारखांचा कागद कुठे आहे ते घरात आणखी एका माणसाला माहीत हवं. देणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर वारसांना ही रक्कम मागता येते, मात्र कोर्टातून वसूल करायची तर वारस प्रमाणपत्रासारखे कागद लागतात. मृत्युपत्र करत असाल तर त्यात हे येणं रकमेसह नमूद करा. घेणाराच गेला, तर त्याचे वारस त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच देणं लागतात, स्वतःच्या कमाईतून नाही. अशा वेळी शोक संपायची वाट पाहणं माणुसकीचं आहे, पण तीन वर्षांची मोजणी त्यासाठी थांबत नाही.

पैसे येत गेले की प्रत्येक हप्त्याची पावती त्यालाही द्या. शेवटचा हप्ता जमा झाला की कराराच्या मागे "पूर्ण रक्कम मिळाली" असं तारखेसह लिहून सही करा, झेरॉक्स आपल्याकडे ठेवा आणि मूळ कागद न वापरलेल्या चेकसह त्याच्या हातात परत द्या.